एक्स-रे साफ आला म्हणजे काटा गेला?

«माशाचा काटा अडकला तर कोरडा मोठा घास न चावता गिळा, वरून व्हिनेगर प्या, काटा विरघळतो. तरी टोचलं तर मानेचा एक्स-रे काढा. एक्स-रे साफ म्हणजे काटा गेला, नुसता ओरखडा राहिलाय. पुढची दुर्बीण आणि सीटी म्हणजे बिल वाढवणं. सगळ्यांना पाठवा.»

हा मेसेज माझ्या काकांनी वाचला आणि त्यावर भरवसा ठेवून ते दोन दिवस घरी बसून राहिले. मी रोज एक्स-रे आणि सीटी वाचतो, त्यामुळे माझा संताप समजून घ्या.

सगळ्यात घातक वाक्य एक्स-रेचं आहे, म्हणून आधी तेच. एक्स-रेत वस्तू दिसते ती आजूबाजूच्या मांसापेक्षा किरण जास्त अडवते म्हणून. नाणं, पिन, सेल हे धातूचे, ते ठळक उठतात. माशाचा काटा बारीक, त्यात कॅल्शियम कमी, आणि भोवती मानेचे स्नायू. तो त्यातच मिसळून जातो. 1990 साली ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’ या नियतकालिकात हाँगकाँगमधल्या 358 रुग्णांचा अभ्यास छापून आला. काटा गिळल्याची तक्रार घेऊन आलेली ही माणसं. त्यांच्यापैकी 117 जणांत काटा सापडला. साध्या एक्स-रेची काटा पकडण्याची क्षमता भरली फक्त 32 टक्के. म्हणजे खरोखर काटा असलेल्या तिघांपैकी साधारण दोघांचा एक्स-रे ‘साफ’ येतो.

काकांचंच घ्या. बाजूने काढलेल्या मानेच्या एक्स-रेत काही नाही, असा रिपोर्ट होता. पण थुंकी गिळतानाही कंठाच्या खाली एकाच ठिकाणी टोचत होतं. सीटी काढला तेव्हा अन्ननलिकेच्या अगदी वरच्या भागात अडीच सेंटीमीटरचा काटा निघाला, डावीकडून उजवीकडे आडवा रुतलेला. असा आडवा काटा बाजूच्या एक्स-रेत टोकाकडून दिसतो, म्हणजे रेघ नाही, जेमतेम ठिपका. समोरून एक्स-रे काढावा तर पाठीचे मणके त्याच्यावर येतात. शिवाय वय वाढलं की स्वरयंत्राच्या कूर्चांमध्ये कॅल्शियम साठतं. त्याच्या बारीक रेघा काट्यासारख्या दिसतात आणि खरा काटा त्यांतलाच एक समजून सुटतो. उलटही होतं, कूर्चेलाच काटा ठरवलं जातं.

मग मानेचा एक्स-रे निरुपयोगी का? नाही. काटा दिसला नाही तरी त्याने केलेलं नुकसान कधी कधी दिसतं. मणक्यांच्या पुढची मऊ सावली जाड झालेली असते, किंवा जिथे हवा नसावी तिथे हवेचे काळे ठिपके असतात. म्हणजे सूज किंवा भोक. पण या खुणा नाहीत म्हणून काटाही नाही, असं म्हणता येत नाही.

आता तो कोरडा घास. काटा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी अडकला असेल तर डॉक्टर तोंड उघडून, उजेडात, चिमट्याने काढू शकतात. मोठा घास ढकलला की तोच काटा आणखी खोल रुततो किंवा खाली अन्ननलिकेत जातो, जिथे तो हाताला लागत नाही. तिथे भिंत पातळ असते. टोक आरपार गेलं तर छातीपर्यंत पू पसरू शकतो. व्हिनेगर काट्यावरून क्षणात घसरून पोटात जातं, तेवढ्यात हाड विरघळत नाही. त्यावर याहून जास्त शब्द घालवत नाही.

ओरखड्याची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. त्याच अभ्यासात 358 पैकी 241 जणांत काटा सापडला नाही. काटा खाली उतरून गेल्यावरही घसा एकदोन दिवस टोचत राहतो. पण हे ठरवायचं घसा पाहून आणि नाकातून पातळ दुर्बीण घालून, एक्स-रेच्या भरवशावर नाही. तिथे काही दिसलं नाही आणि दुखणं मानेच्या खालच्या भागात टिकून असेल, तर साधा सीटी काढतात. त्याची काटा पकडण्याची क्षमता 90 टक्क्यांच्या वर आहे. एक्स-रेत अन्ननलिका उठून दिसावी म्हणून पाजतात ते बेरियम त्याआधी पिऊ नये, ते काट्यावर लेप चढवतं आणि दुर्बिणीतून पाहणं अवघड करतं.

टोकदार वस्तू अन्ननलिकेत असेल तर युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांची मार्गदर्शक सूचना ती शक्यतो 2 तासांत, फार तर 6 तासांत काढायला सांगते. थुंकीही गिळता येत नसेल, ताप आला असेल, छातीत किंवा पाठीत दुखत असेल, किंवा मानेची कातडी दाबल्यावर चुरचुर लागत असेल, तर एक्स-रे साफ असला तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. लहान मुलाने गोल चपटा सेल गिळल्याची शंका असेल तर मात्र एक्स-रे लगेच हवा. सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, नाण्याला दिसत नाही, आणि अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत भाजून जखम करू शकतो.