आधी आरसा झाका

पार्लरचं रील करायचं ठरलं की पहिला अडथळा मालकीणबाईंचा असतो. त्यांना सुरुवातीला फिरणारा लोगो हवा असतो, मग 'नमस्कार, आमच्या पार्लरमध्ये आपलं सहर्ष स्वागत', मग गणपतीची मूर्ती, मग रिसेप्शनवरची प्लास्टिकची फुलं. तोवर सात सेकंद जातात आणि बघणारी बाई पाककृतीवर पोचलेली असते. लोगो शेवटी घाला, म्हणालं की त्या नाराज होतात. मी वाद घालत नाही. पहिल्या दोन सेकंदांत काय ऐकू येतं ते लिहून काढा, एवढंच सांगते.

लग्नसराईपुरता एक नमुना घेऊ. विषय हेअर कलर. 'आमच्याकडे सर्व प्रकारचे कलर' हे सगळेच सांगतात. त्यापेक्षा पॅच टेस्ट घ्या, कारण ती टाळल्यानं होणारा घोटाळा प्रत्येक पार्लरवालीला पाठ असतो. संहिता अशी:

'उद्या लग्न, आणि आज पहिल्यांदाच केसांना कलर? थांबा. आधी कानामागे थोडासा कलर लावून 48 तास बघायचं असतं. खाज आली, लाल झालं, तर तो कलर तुमचा नाही. म्हणून लग्नाच्या निदान आठ दिवस आधी या. आधी टेस्ट, मग कलरची तारीख.'

एवढे शब्द म्हणजे घाई न करता साधारण वीस सेकंद. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. तीस सेकंद लागले तर 'त्याचप्रमाणे', 'आपल्या सर्वांना माहीतच आहे' असले पाहुणे आत शिरलेत, त्यांना वाटेला लावा. दृश्यं चारच: कलरची वाटी आणि ब्रश, कानामागे लागणारा ठिपका, कॅलेंडरवर बोट, शेवटी बोलणारीचा चेहरा. ठिपक्याचं दृश्य जवळून घ्या. लोक थांबून बघतात ते हेच.

आता शूटिंग. पार्लरमध्ये आरसे चारी बाजूंना, म्हणजे फोन धरणारी मुलगी, तिच्या मागचा चहाचा ग्लास आणि तोंडाला पॅक लावून बसलेली एक निष्पाप गिऱ्हाईक, सगळे फुकटात चमकतात. म्हणून एका आरशावर चादर टाका किंवा फोन तिरका धरा. ज्या गिऱ्हाइकाचा चेहरा दिसणार, तिला आधी विचारा. पॅक लावलेली बाई मान हलवते, ती संमती समजू नका.

दिव्यांनी पडद्यावर काळे पट्टे सरकायला लागले तर फोन बिघडलेला नाही. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि कॅमेऱ्याचा ताल त्यांच्याशी जुळत नाही. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. ते जमत नसेल तर सरळ खिडकीजवळ खुर्ची ओढा. आवाज वेगळा रेकॉर्ड करा, ड्रायर चालू असताना कोणाचंच ऐकू येत नाही. गाण्याचं म्हणाल तर बिझनेस अकाउंटवर बरीच फिल्मी गाणी मिळत नाहीत. मालकीणबाईंना ते गाणं मनापासून हवं असतं, पण इलाज नाही.

शूटिंग मंगळवारी दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना, तीन रील एकदम. साडी बदलली की वेगवेगळ्या दिवसांची वाटतात. टाकायची मात्र एकेक: बुधवारी माहितीची, शुक्रवारी आधी-नंतरची, सोमवारी कामाची झलक. रविवारी अजिबात नाही. त्या दिवशी दुकान भरलेलं असतं, चौकशीचे मेसेज येतात आणि उत्तर देणारीचे दोन्ही हात ब्लीचमध्ये असतात. दोन तास उत्तर नाही म्हटल्यावर ती बाई पलीकडच्या गल्लीत जाते.

तपासणीला अपॉइंटमेंटच्या वहीचं मागचं पान पुरतं. रील टाकल्यावर सातव्या दिवशी तीन आकडे लिहा: सरासरी किती सेकंद बघितली, किती जणींनी पुढे पाठवली, आणि 'रील बघून आले' म्हणणाऱ्या किती. वीस सेकंदांची रील सरासरी चारच सेकंद बघितली गेली, तर पहिलं वाक्य बदला. चौदा सेकंद बघूनही कोणी फोन करत नसेल, तर शेवट तपासा: पत्ता, फोन, कधी यायचं हे नीट सांगितलंय का? एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही.

व्ह्यूज मी मुद्दाम शेवटी बघते. नऊ हजार झाले म्हणून पेढे वाटण्याआधी इनसाइट्समध्ये शहरं उघडा. पार्लर सांगलीत आणि बघणारे लखनौचे, तर थ्रेडिंगला कोण येणार? त्याच्या खालीच चारशे व्ह्यूजची पॅच टेस्ट असते, बावीस जणींनी पुढे पाठवलेली, आणि वहीत एका नावापुढे लिहिलेलं असतं: 'नणंदेनं पाठवली. लग्न 14 तारखेला. टेस्ट आजच.'