लुकलुकणारा लाल आणि आमची सात मिनिटं

परवा रात्री साडेअकराला रिसेप्शनहून येताना मी एका सिग्नलला तब्बल सात मिनिटं उभा होतो. लाल दिवा लागत होता, विझत होता, परत लागत होता आणि मी पाय टेकून इमानदारीत हिरव्याची वाट बघतोय. मागून बायको म्हणाली, "अहो, हा आज हिरवा होणार नाहीये."

तिने मागच्याच महिन्यात लर्निंग लायसन्सची परीक्षा दिलीये, त्यामुळे घरात सध्या तिचंच चालतं. लुकलुकता लाल म्हणजे पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, रस्ता मोकळा असला की निघायचं. मोठ्या रस्त्यावर त्याच वेळी पिवळा लुकलुकत होता, त्याचा अर्थ वेग कमी करा, जपून जा, थांबलंच पाहिजे असं नाही. म्हणजे मला थांबवून ठेवणारं कुणीच नव्हतं, मीच होतो!

"आणि स्थिर पिवळा?" मी चिडून विचारलं, कारण माझ्या मते त्याचा अर्थ ॲक्सिलरेटर पिळा. "थांबा," ती म्हणाली, "फक्त इतक्या जवळ आला असाल की थांबणं धोक्याचं, तरच पुढे जा." घरी येऊन मी हिशोबच मांडला. ताशी चाळीसने सेकंदाला 11 मीटर जातो, भानावर यायला एक सेकंद, मग ब्रेक लागून थांबेपर्यंत अजून दहाएक मीटर. म्हणजे कोरड्या रस्त्यावर साधारण वीस मीटर, पावसात त्याहून जास्त. त्याच्या आत असताना पिवळा लागला तर निघून जायचं, लांब असलो तर ब्रेक. मी आजवर पन्नास मीटरवरूनही पिळत आलोय, हे तिला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइट गेली आणि दोन सारख्याच रस्त्यांच्या दुसऱ्या एका चौकातला सिग्नल ठार काळा. पोलीस असता तर त्याचा हात हाच सिग्नल, पण चौकात कुणीच नव्हतं. अशा वेळी नियम असा की मोठ्या रस्त्यावरच्या गाडीला आधी जाऊ द्या, तसं काही ठरलेलं नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला. मी उजवीकडच्या टेम्पोला मानेनेच "जा" म्हटलं. टेम्पोवाल्याने त्याच्या उजवीकडच्या रिक्षाला, रिक्षाने तिच्या उजवीकडच्या स्कूटीला, आणि स्कूटीवाली मुलगी मला हात करतेय, कारण तिच्या उजवीकडे मी! चार बाजूंना चौघं आले की प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असतंच, मग नजरानजर करूनच कोणीतरी निघावं लागतं. नाहीतर पुण्यात एरवी न दिसणारा हा सभ्यपणा आणखी पाच मिनिटं टिकला असता.

शेवटी भाजीची पिशवी घेतलेल्या एक आज्जी झेब्रावरून चालू लागल्या, हात वर करून, आमच्याकडे न बघता. त्या पलीकडे पोचेपर्यंत चौघांनीही हॉर्न दाबला नाही, आणि मग चौघं एकदमच निघालो.