हप्त्यातलं व्याज वेगळं काढून बघा

"भाड्याचे पैसे पाण्यातच जातात ना? मग हप्ता भरलेला काय वाईट?"

हप्त्यातलं व्याजही परत येत नाही. घराची किंमत १०० भाग धरा. ८० भाग कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत. पहिल्या वर्षी साधारण ८.६ भाग भरले जातात, त्यातले ७.१ व्याजातच जातात. मुद्दल फिटतं जेमतेम दीड भाग. तशाच घराचं वर्षाचं भाडं ३ भाग असेल, तर जास्त पैसे कोणाचे बुडाले? मात्र हप्त्याऐवजी भाडं भरून वाचलेले साधारण साडेपाच भाग खरोखर बाजूला पडायला हवेत. आम्ही चार वर्षं ते केलं नाही, त्याची हळहळ अजून वाटते. भाडं ६ भागांच्या पुढे असेल आणि मुलांच्या शाळेमुळे दहा वर्षं हलायचं नसेल, तर मात्र मी घर घेण्याच्याच बाजूने आहे.