महिन्याला शून्य? कुणाला सांगता!

आज पुन्हा तेच. सोमवारची मिटिंग, स्क्रीनवर लेखांच्या विषयांची ती शीट, आणि माझ्या विषयापुढे महिन्याच्या शोधांचं ठसठशीत शून्य. ‘वारस नोंद : ०’. आमच्या साहेबांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "व्हॉल्यूम नाही, उडवा. पुढचा?"

अहो, उडवा काय उडवा! बाप गेल्यावर सातबाऱ्यावर पोरांची नावं लावायची वेळ महाराष्ट्रात कुणावर येतच नाही का? २०११च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. त्यातला एकही माणूस महिनाभरात हे शोधत नाही म्हणे. माझ्या सख्ख्या चुलत्यांनी गेल्या वैशाखात ओट्यावर बसून, मोबाइल तोंडाशी धरून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात हेच शोधलं होतं. म्हणजे निदान एक तरी धरा की राव!

हे शून्य कुठून येतं ते एकदा समजून घ्या, मग मला विषय उडवायला सांगा. शोधांचे आकडे देणारी ही टूलं मुळात जाहिरातदारांसाठी बनलेली. वारस नोंदीवर जाहिरात कोण देणार, तलाठी? त्यात शोधांचा आकडा एका मर्यादेच्या खाली असला की ती तो दाखवतच नाहीत, सरळ शून्य छापतात. आणि मराठी माणूस एकच गोष्ट एका पद्धतीनं लिहील तर शपथ. वारस नोंद, वारसनोंद, वारस नोंदणी, वारसाची नोंद. शिवाय रोमनमध्ये `varas nond`, `waras nond`, `varas nondani`. इंग्रजीत शब्द फार तर एक ‘s’ लावून मोकळा होतो. आपला सातबारा ‘सातबाऱ्यावर’, ‘सातबाऱ्यात’, ‘सातबाऱ्यावरून’ असा दर वाक्याला कपडे बदलतो. त्यातला ‘ऱ्या’सुद्धा संगणकाच्या पोटात दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवला जातो, आणि ज्यांच्या कीबोर्डवर तो सापडत नाही ते ‘सातबार्यावर’ लिहून टाकतात. डोळ्याला एकच दिसणारा शब्द टूलला वेगळा. अशा पंधरा तुकड्यांतला प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली राहिला की पंधरा शून्यं. आणि पंधरा शून्यांची बेरीज साहेबांच्या शीटमध्ये शून्यच.

बरं, `7/12 utara` ला मात्र भरघोस आकडा दिसतो. त्यावर साहेबांचं अनुमान काय? "बघा, लोक इंग्रजीतच शोधतात." कपाळ माझं! उतारा हा शब्द इंग्रजी कधीपासून झाला?

म्हणून मग हातानं काम करावं लागतं. शोधपट्टी उघडायची आणि खाली काय सुचतंय ते बघत बसायचं. गूगल तिथे जे सुचवतं त्याचा पाया लोकांनी खरोखर केलेले शोध हाच असतो, त्यामुळे टूल आंधळं असलं तरी ही खिडकी उघडी असते. फक्त ती स्वतःच्या रोजच्या ब्राउझरमध्ये उघडू नका. मी पहिल्यांदा तेच केलं आणि माझेच जुने शोध मला परत दाखवले जात होते, नि मी खुशीत शीटमध्ये भरत होतो. इन्कॉग्निटो विंडो घ्या, किंवा सरळ हा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. `hl=mr` म्हणजे भाषा मराठी, `gl=in` म्हणजे देश भारत. सूचनांची नुसती यादी समोर येते.

```
https://suggestqueries.google.com/complete/search?client=firefox&hl=mr&gl=in&q=वारस नोंद क
```

यूट्यूबच्या सूचना हव्या असतील तर शेवटी `&ds=yt` जोडा. पण सावकाश. हा पत्ता अधिकृत सेवा म्हणून दिलेला नाही. धडाधड ठोठावत राहिलात तर दार बंद होऊ शकतं.

आता त्या शेवटच्या ‘क’कडे बघा. यासाठी मी आमच्या ऑफिसात तीन वेळा घसा कोरडा केलाय. सगळ्या इंग्रजी कोर्सवाल्यांचा मंत्र असा की विषयाच्या आधी how, what, why लावा आणि a पासून z पर्यंत अक्षरं फिरवा. मराठीत प्रश्न आधी येतो का? आपण ‘कशी करावी वारस नोंद’ असं म्हणतो का? आपण विषय आधी टाकतो, प्रश्न शेपटीला. आणि आपली प्रश्नांची सगळी मंडळी एकाच घरातली: कोण, काय, कधी, कुठे, कसा, किती, का, केव्हा. म्हणजे विषय लिहा, एक जागा सोडा, ‘क’ टाका, की प्रश्न रांगेत उभे. मग नुसता ‘क’ न ठेवता बाराखडी चालवा: का, कि, कु, के, को. देवनागरीत मात्रा बदलली की यादी बदलते. ‘कि’ वर ‘किती दिवसात होते’ आलं, ‘को’ वर ‘कोणती कागदपत्रे’. पाच मिनिटांचं काम. आणि ज्या विषयाचं व्हॉल्यूम शून्य, त्याला हे असे प्रश्न सुचतायत!

तेच मग रोमनमध्ये करायचं, v घेऊन एकदा आणि w घेऊन एकदा. ही यादी वेगळी निघते, कारण ती माणसंही वेगळी. बोलून शोधणाऱ्याचं वाक्य देवनागरीत आणि लांबलचक येतं, बोटानं टाइप करणारा रोमनमध्ये तीन शब्दांत आटपतो.

एक मात्र मान्य करतो, नाहीतर म्हणाल की हा नुसताच भांडतोय. सूचना म्हणजे आकडा नव्हे. पहिल्या नंबरवर आलेली सूचना सर्वांत जास्त शोधली जाते असं नाही. तुमचं ठिकाण, सध्या चर्चेत काय आहे, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. फार लांब प्रश्न टाकला तर गूगल कधीकधी अख्खा शोध न सुचवता फक्त शेवटचा शब्द पुरा करून देतं, आणि आपल्याला वाटतं की हे कुणीतरी शोधलंय. मी एक ढोबळ कसोटी लावतो: किती कमी अक्षरांत ती सूचना वर येते? ‘वारस नों’ एवढ्यावर जी दिसते तिच्यात दम आहे. पूर्ण वाक्य लिहून फक्त शेवटचं अक्षर बाकी ठेवल्यावर जी दिसते ती माझ्या लेखी संशयित. आठवड्यानं दुसऱ्या फोनवर पुन्हा बघायचं. दोन्हीकडे टिकली तरच शीटमध्ये. आणि हिंदीची सरमिसळ वेगळी काढायची. लिपी एकच, त्यामुळे ‘कैसे करें’वाले पाहुणे `hl=mr` लावूनही पंगतीत घुसतात.

पण खरी मेख पुढे आहे. ‘वारस नोंद’ हा शब्दच मुळी कचेरीतला. ज्याचं दुखणं आहे तो हा शब्द वापरेलच असं नाही. हे मला कळलं ते लोकांचे प्रश्न वाचून: शेतकऱ्यांचे फेसबुक ग्रुप, महसुली माहितीच्या व्हिडिओंखालच्या कमेंटी, ‘कोरा’ ही प्रश्नोत्तरांची साइट मराठीतली. दोन रात्री घालवल्या. तिथला माणूस लिहितो, "वडील वारले दोन वर्ष झाली, सातबाऱ्यावर आमचे नाव लागले नाही." दुसरा लिहितो, "नाव चढवायचे आहे, तलाठी फिरवतो." आणि एक प्रश्न तर वेगवेगळ्या तोंडांनी पुन्हा पुन्हा: "बहीण सही देत नाही, नोंद होईल का?"

हा प्रश्न कुठल्या टूलमध्ये मिळाला असता? सांगा ना! त्यातला घोळ बघा. वारस नोंदीला बहिणीच्या सहीनं अडायचं कारणच नाही. नोंद सगळ्या वारसांची होते, तिचंही नाव लागतं. सही लागते ती हक्कसोडपत्राला, आणि ते वेगळं, रजिस्टर करावं लागणारं कागदपत्र. लोक दोन गोष्टी एकत्र करून वर्षानुवर्षं अडून बसलेत. म्हणजे लेखाचा गाभा मिळाला, शीर्षक मिळालं, आणि लोकांचे शब्दही मिळाले: नाव लावणे, नाव चढवणे, नाव कमी करणे, हक्कसोड. ते शब्द परत शोधपट्टीत टाकले. ‘सातबाऱ्यावर नाव’ लिहिल्यावर जी यादी उलगडली ती ‘वारस नोंद’च्या यादीपेक्षा कितीतरी जिवंत होती. आधी शोधपट्टी, मग लोक, मग पुन्हा शोधपट्टी. असा हेलपाटा घातल्याशिवाय मराठीत विषय हाती लागत नाही.

यातही फसायला होतं. एकच गृहस्थ तोच प्रश्न सात ग्रुपमध्ये चिकटवतात, त्याला मी एकच मोजतो. जुने प्रश्न तारीख बघून घ्यायचे. नियम, संकेतस्थळ, फी बदललेली असते. आणि उत्तरं तिथून अजिबात उचलायची नाहीत. प्रश्न सोन्याचे असतात, उत्तरं बहुतेकदा "वकील गाठा भाऊ" एवढीच.

तर साहेबांनी पहिल्यांदा विषय उडवला, त्यानंतरही मी बहिणीच्या सहीवरचा तो लेख एका रविवारी गुपचूप टाकला. तीन महिन्यांनी सर्च कन्सोल उघडला, म्हणजे आपलं पान गूगलवर कुठल्या शोधांत दिसलं ते सांगणारं गूगलचंच टूल. शून्य व्हॉल्यूमच्या विषयावर रोज माणसं येतायत! गंमत पुढे आहे. पानाचे एकूण इम्प्रेशन, म्हणजे ते शोधांत किती वेळा दिसलं तो आकडा, आणि खालच्या यादीतल्या शोधांची बेरीज जुळत नाही, निम्मीसुद्धा भरत नाही. कारण जे शोध फार थोड्या लोकांनी केलेले असतात ते खाजगीपणासाठी यादीतून लपवले जातात, एकूणात मात्र धरले जातात. म्हणजे मराठीचा निम्म्याहून मोठा भाग तिथेही पडद्याआडच. पण तो आहे, हे निदान बेरजेतल्या फरकावरून दिसतं तरी.

हे सगळं आज मिटिंगमध्ये दाखवलं. स्क्रीनशॉट, याद्या, सगळं. शीटमध्ये मी ‘व्हॉल्यूम’च्या शेजारी स्वतःचा एक नवा रकाना घातला होता, ‘किती वेगळ्या लोकांनी विचारलं’, आणि बहिणीच्या सहीपुढे लिहिलं होतं १४. एकेक कमेंट वाचून, नक्कल केलेल्या वगळून, दोन रात्री जागून मोजलेले १४.

साहेबांनी चष्मा वर केला, रकाना बघितला आणि म्हणाले, "महिन्याला चौदाच?"