सबटायटल दोनदा? केबलला दोष देऊ नका

फिरणारा मेसेज: «सबटायटल दोनदा दिसतात किंवा दिसतच नाहीत? बॉक्स आणि टीव्ही दोन्हीकडे ऑन ठेवा, एक तरी चालेल. डबल आलं तर टीव्हीचं बंद करा. तरीही जमलं नाही तर एचडीएमआय केबल बदला, खाऱ्या हवेने गंजली असेल.»

पहिला सल्लाच फसवा आहे. बॉक्स एचडीएमआयला जोडलेला असेल तर सबटायटलची अक्षरं बॉक्स स्वतः चित्रावर काढतो आणि तयार चित्र टीव्हीला देतो. वेगळा सबटायटलचा प्रवाह त्या तारेतून जात नाही. त्यामुळे टीव्हीच्या मेन्यूतलं Subtitle ऑन केलं तरी त्याला दाखवायला काही नसतं. ते सेटिंग उपयोगी पडतं टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवर. म्हणजे फ्री डिशची तार बॉक्सला न लावता थेट टीव्हीत खोचली असेल तर, आणि तेही चॅनेल वेगळं सबटायटल पाठवत असेल तरच.

मग डबल येतं कुठून? बहुतेकदा एक ओळ चॅनेलनेच चित्रात छापलेली असते आणि दुसरी बॉक्स काढतो. समजा, मालवणात पत्र्यावर पाऊस कोसळतोय, संवाद ऐकू येत नाहीत, म्हणून बॉक्सवर सबटायटल लावलं. इंग्रजी सिनेमाच्या खाली आता दोन ओळी, एकीवर एक चढलेली. टीव्हीच्या रिमोटवर कितीही बटणं दाबा, फरक शून्य. बॉक्सचं बंद केलं की एक ओळ जाते. उरली ती छापील, ती कोणत्याच रिमोटने जाणार नाही. (काही नवे टीव्ही आवाज ऐकून स्वतः ओळी बनवतात. तसा टीव्ही असेल तर मात्र ते सेटिंग शोधून बंद करा.)

ओळ कोणाची, हे ओळखायची सोपी खूण आहे. टीव्हीच्या रिमोटने चित्राचा आकार बदलून Zoom करा. चित्राबरोबर जी ओळ मोठी होते ती तारेतून आलेली, मग छापील असो वा बॉक्सची. जी जागची हलत नाही ती टीव्हीची.

याच Zoom मुळे ओळ पूर्ण गायबही होते, आणि हे कारण मेसेजमध्ये नाहीच. चित्र मोठं झालं की खालची पट्टी पडद्याबाहेर जाते आणि सबटायटल तिथेच असतं. 16:9 निवडा. तरी अर्धी अक्षरं कापली जात असतील तर Just Scan किंवा Screen Fit अशा नावाचा पर्याय लावा. नाव कंपनीगणिक बदलतं.

राहिली केबल. किनाऱ्यावर पिना गंजतात हे खरं, पण गंजलेली एचडीएमआय पडद्यावर ठिपके आणते, चित्र मधेच काळं करते. चित्र स्वच्छ ठेवून नेमकी अक्षरं तेवढी ती पुसत नाही. चित्र नीट दिसत असेल तर नव्या केबलचे पैसे वाचवा.