दोनशे तासांच्या प्रमाणपत्रावर जिम आणि विमा?

«गोव्यात दोनशे तासांचा योग टीचर कोर्स करा, आरवायटी मिळवा. मग विमा सहज मिळतो आणि कुठलंही जिम घेतं. फिटनेसच्या वेगळ्या कोर्सची गरज काय?»

आरवायटी ही योगा अलायन्स या अमेरिकी संस्थेकडची नोंदणी आहे. संस्था शाळेचा अभ्यासक्रम मान्य करते, विद्यार्थ्याची परीक्षा घेत नाही. दोनशेपैकी 75 तास आसन-प्राणायामासारख्या सरावाचे, 30 शरीररचनेचे, 30 तत्त्वज्ञान-इतिहासाचे, 50 शिकवण्याच्या कौशल्याचे. उरलेले 15 शाळेच्या मर्जीवर. आता हरमलचा 21 दिवसांचा कोर्स घ्या. आठवड्याला एक सुट्टी धरली तर 18 दिवस उरतात, म्हणजे रोज अकरा तासांहून जास्त वर्ग. प्रवेशाआधी दिवसाचं वेळापत्रक मागून जेवण, विश्रांती वगळून बेरीज करा. ती आठवर थांबली, तर कागदावरचे दोनशे तास प्रत्यक्षात दीडशेच्या आसपासच भरतात.

फिटनेसकडे तासांचा हिशेबच वेगळा. एसीई या अमेरिकी संस्थेच्या पर्सनल ट्रेनर प्रमाणपत्राला ठरावीक तासांची अट नाही. वय 18 पूर्ण, हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचाराचं म्हणजे सीपीआर-एईडीचं चालू प्रमाणपत्र आणि तीन तासांत 150 प्रश्नांची परीक्षा, हे लागतं. म्हणजे एकीकडे हजेरी मोजतात, दुसरीकडे उत्तरपत्रिका. दोन्ही एकाच तराजूत कशी घालणार? आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाकडे मात्र परीक्षा आहे, तीही प्रात्यक्षिकासह. पहिल्या पातळीचा अभ्यासक्रम 200 तासांचा, दुसरीचा 400.

विम्याचा घोळ याहून मोठा. इथे प्रश्न आरोग्यविम्याचा नाही, शिकणाऱ्याला दुखापत झाल्यास भरपाई देणाऱ्या दायित्व विम्याचा आहे. अशा पॉलिसीत सहसा कोणती कामं, कोणत्या पात्रतेवर आणि कोणत्या देशात, हे लिहिलेलं असतं. समजा, मडगावच्या एका शिक्षिकेच्या पॉलिसीत «हठयोगाचे गटवर्ग» एवढंच आहे. वर्गाच्या शेवटी तिने दहा मिनिटं केटलबेल घेतलं आणि एका शिकणाऱ्याची कंबर लचकली. विमा कंपनी पहिल्यांदा विचारेल, केटलबेलची पात्रता कोणती? उत्तर नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो, आरवायटी कितीही खरी असो. जिमचा सार्वजनिक दायित्व विमा मालकाच्या नावावर असतो. तासावर येणारी शिक्षिका त्यात आपोआप धरली जात नाही. तिचं नाव त्यात आहे का, हे लेखी घ्यावं.

राहिलं जिम. स्टुडिओतल्या योगवर्गासाठी आरवायटी बहुधा चालते. फ्लोअरवर मात्र स्क्वॉटचं वजन कधी वाढवायचं, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला काय द्यायचं नाही, हे रोज ठरवावं लागतं आणि योग कोर्सातल्या शरीररचनेच्या त्या 30 तासांत ते बसत नाही. तिथे काम करायचं असेल तर ट्रेनरचं प्रमाणपत्र वेगळं करावं लागेल. सीपीआर तर आधीच करून ठेवा. त्याची मुदत संपते, आणि मुलाखतीत नेमकी तीच तारीख पाहतात.