बोधचिन्ह आधी खिशावर शिवून बघा, मग पास करा

शाळांचे लोगो, युनिफॉर्म, डायरीची कव्हरं वगैरे करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि आज जरा मोठं लिहितेय कारण तीच चूक परत परत बघून आता राहवत नाही. शाळेचं नवीन बोधचिन्ह पास कुठे होतं? मीटिंगमध्ये, प्रोजेक्टरवर, भिंतभर मोठं करून. आणि पालक ते कुठे बघतात? मुलाच्या खिशावर, सहा-साडेसहा सेंटीमीटरमध्ये, रोज धुताना, वाळत घालताना, इस्त्री करताना. शाळेची वेबसाइट पालक ॲडमिशनच्या वेळी बघतात आणि विसरतात, तो खिसा मात्र वर्षभर त्यांच्या हातात असतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खिशावर जे नीट उमटत नाही ते त्या शाळेचं बोधचिन्ह नाहीच, ते फक्त एक चित्र आहे.

मागे एका शाळेचं काम आलं होतं. जुनं बोधचिन्ह म्हणजे ढाल, ढालीत उघडं पुस्तक, पुस्तकावर दिवा, मागे उगवता सूर्य बारीक किरणांसकट, दोन्ही बाजूंना पानांची वेल आणि खाली वळलेली फीत, त्यात ब्रीदवाक्य, ‘सा विद्या या विमुक्तये’. ट्रस्टींचं म्हणणं, हे सगळं ठेवा फक्त मॉडर्न करा. आधीच्या डिझायनरने केलंही होतं आणि स्क्रीनवर सुंदरच दिसत होतं. पण एम्ब्रॉयडरीचं सॅम्पल आलं तेव्हा फितीत अक्षरांच्या जागी दोऱ्याचा एक जाड पट्टा होता, आणि दिवा कुठे संपतो, सूर्य कुठे सुरू होतो तेच कळेना.

सगळ्यांनी एम्ब्रॉयडरीवाल्याला दोष दिला. त्याचा काहीही दोष नव्हता. साधा हिशेब बघा. बॅज ६५ मिलिमीटर रुंद, त्यात फितीचा सरळ भाग जेमतेम ५० मिलिमीटर. ब्रीदवाक्यात आठ अक्षरं आणि मधल्या तीन जागा, म्हणजे एका अक्षराला साधारण ५ मिलिमीटर मिळतात. आता मशीनवर नेहमी वापरतात तो दोरा जवळपास ०.४ मिलिमीटर जाड असतो, आणि अक्षराची रेघ भरीव दिसायची तर दोरा आडवा मागे-पुढे जाऊन निदान १ मिलिमीटरची पट्टी तयार व्हावी लागते. ५ मिलिमीटरमध्ये ‘द्या’ बसवा बघू! जोडाक्षराचे दोन भाग, काना, वर शिरोरेघ. ‘मु’चा उकार खाली, ‘ये’ची मात्रा वर, ‘क्त’चं पोट. मधली मोकळी जागा राहतच नाही, सगळं बुजतं. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ५ मिलिमीटर उंचीत कशीबशी निघतात, आपल्या लिपीला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते म्हणून मी ८-१० मिलिमीटरच्या खाली जातच नाही.

दुसरा प्रकार कुणाच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे शर्टाची आतली बाजू. एवढे तपशील भरायचे म्हणजे एकावर एक थर, त्या बॅजला दहा हजारांच्या वर टाके पडले होते. शर्टाचं कापड पातळ, टाके इतके दाट झाले की कापड ओढलं जातं आणि दोन-तीन धुण्यांनंतर खिसा भोवतीने चुण्या पडून गोळा होतो, कितीही इस्त्री करा सरळ होत नाही. आणि आतून लावलेलं बॅकिंग आणि दोऱ्याच्या गाठी छातीला टोचतात. एका आईने मला शर्ट उलटा करून दाखवला, तिने आतून जुन्या बनियनचा मऊ तुकडा हाताने शिवला होता कारण मुलगा शाळेतून आला की आधी शर्ट काढून छाती खाजवायचा. ब्रोशरमध्ये लिहिलं होतं ‘प्रत्येक मुलाची काळजी’. आता त्या आईने ब्रोशरवर विश्वास ठेवायचा की त्या खिशावर, सांगा.

मग मी ट्रस्टींसमोर एकच गोष्ट केली. सॅम्पलचा शर्ट हँगरला अडकवून दोन हात अंतरावर धरला आणि म्हटलं, ब्रीदवाक्य वाचा. ज्यांना ते तोंडपाठ होतं त्यांनाही ‘विमुक्तये’ कुठे सुरू होतं ते दाखवता आलं नाही. तरी एक ज्येष्ठ ट्रस्टी म्हणाले, मॅडम, ब्रीदवाक्य काढलं तर पालकांना वाटेल शाळेने संस्कार सोडले. त्यांची काळजी खरी होती, म्हणून मी दोन दिवस शाळा सुटायच्या वेळी गेटवर उभी राहिले आणि येतील त्या पालकांशी बोलले. शाळेचं चिन्ह काय आहे विचारलं तर बहुतेकांनी दिवा सांगितला. ब्रीदवाक्य फार थोड्यांना आठवलं आणि अर्थ त्याहून कमी लोकांना. एक वडील त्याच शाळेचे माजी विद्यार्थी, ते म्हणाले काहीही बदला पण दिव्याची ती वाकडी मूठ ठेवा, आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर तीच काढायचो.

इथेच उत्तर मिळालं. खिशावर फक्त ढाल, पुस्तक आणि तो वाकड्या मुठीचा दिवा. किरणं, वेल, फीत सगळं काढलं, चार रंगांचे दोन केले, टाके निम्म्याहून कमी झाले आणि आतून मऊ अस्तर चिकटवायचं हे ऑर्डरमध्येच लिहून घेतलं. पूर्ण बोधचिन्ह कुठेही गेलं नाही, ते सर्टिफिकेटवर, लेटरहेडवर आणि गेटवर आहे, जिथे त्याला जागा मिळते. आणि ब्रीदवाक्य डायरीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, खाली साध्या मराठीत अर्थ, जी माणसाला मोकळं करते ती विद्या. ते आधीपेक्षा आता जास्त वाचलं जातं असं मला मनापासून वाटतं.

रंगाबद्दल थोडक्यात. स्क्रीनवरचा नेव्ही ब्लू पास करू नका, कापडाचा तुकडा आणि दोऱ्याचं शेडकार्ड शेजारी ठेवून आधी उन्हात बघा आणि मग वर्गातल्या ट्यूबलाइटखाली, कारण उन्हात एकसारखे दिसणारे दोन निळे आत गेल्यावर वेगळे दिसू शकतात. पास झालेला तुकडा सही करून ऑफिसात जपून ठेवा, पुढच्या वर्षीचा लॉट त्याच्याशीच ताडून घ्यायचा.

आणि जुना युनिफॉर्म निदान दोन वर्षं चालू ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. नवा लोगो आला की एका दिवसात सगळं बदला असा हट्ट शाळा धरते, आणि मोठ्या बहिणीचा चांगला शर्ट धाकट्याला घालायला ठेवलेला असतो त्या घरात नव्या लोगोची पहिली ओळख नवा खर्च म्हणूनच होते. पालक मग डिझाइन बघत नाहीत, मॅनेजमेंट बदललं वाटतं असं म्हणतात.

स्वेटरवर मात्र आम्ही अडलो. विणलेलं कापड ताणलं जातं, त्यावर थेट भरतकाम केलं की दिवा लांबट व्हायचा. दोन सॅम्पल फुकट गेली, मग मागावर वेगळा विणलेला, न ताणणारा बॅज करून तो कडेने शिवायचं ठरलं. त्याचा एक फायदा आधी कुणाच्याच लक्षात आला नव्हता, स्वेटर आखूड झाला की पालक बॅज उसवून पुढच्या स्वेटरला लावतात. आता शर्टालाही तसाच द्या अशी मागणी पालकसभेत आलीये आणि मी त्याच सॅम्पलवर काम करतेय, अडचण एवढीच की बॅजची कड पातळ कापडावर थोडी कडक बसते.